जांघेतील अंतर्गळ : शस्त्रक्रिया तातडीची केव्हा?

खोकला आला किंवा ओझे उचलले की जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो आणि आडवे पडताच तो नाहीसा होतो. पुरुषांमध्ये नेहमी आढळणाऱ्या अंतर्गळाची, म्हणजेच हर्नियाची, ही खूण होय. जन्मापूर्वी वृषण ज्या वाटेने पोटातून अंडकोशात उतरते, ती वाट पोटाच्या भिंतीतील कायमची दुबळी जागा ठरते. पोटातील दाब वाढला की आतड्याचा वेढा तेथून बाहेर डोकावतो.

फुगवटा सहज आत जात असेल व दुखत नसेल, तर घाई नसते. अशा पुरुषांची अमेरिकेत पाहणी करण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, तातडीचा प्रसंग वर्षाला हजारांमागे दोघांहूनही कमी जणांवर आला. मात्र दुखणे वाढल्यामुळे दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. औषधाने किंवा पट्ट्याने ही वाट बुजत नाही. शल्यचिकित्सक आतडे आत सारून दुबळ्या जागी बहुधा कृत्रिम धाग्याची जाळी बसवितात.

खरा धोका आतडे अडकून आवळले जाण्यात आहे. बाजार समितीतील पन्नाशीच्या एका हमालाचे उदाहरण कल्पू या. दोन वर्षे येणारा-जाणारा त्याचा फुगवटा एके रात्री नऊ वाजता पोते उचलताना बाहेर आला, तो आडवे पडूनही आत जाईना. तासाभरात तो दगडासारखा कठीण झाला, हात लावू देईना आणि खोकल्यावर त्यात पूर्वीसारखी उसळीही जाणवेना. मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, वायू सरेनासा झाला. आवळलेल्या आतड्यातून रक्त प्रथम परत जाऊ शकत नाही, म्हणून ते सुजते. सुजेने फास अधिक घट्ट होतो आणि शेवटी आत येणारे रक्तही थांबते. मग काही तासांतच आतडे मरू लागते.

पहाटे शस्त्रक्रियेत फास सोडविला, तेव्हा आतडे काळपट दिसत होते. कोमट, ओल्या कापडात काही मिनिटे ठेवताच त्यावर गुलाबी झाक आली, हालचालही दिसू लागली, ते वाचले. सकाळपर्यंत घरीच थांबला असता, तर कदाचित तो भाग कापून काढावा लागला असता.

अशा वेळी फुगवटा जोराने आत ढकलू नये, तेल लावून चोळू नये, रेचक देऊ नये. मेलेले आतडे पोटात ढकलले गेल्यास विष आत पसरते. रुग्णास काही खाऊ-पिऊ न घालता, जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात रात्रीच न्यावे. त्वचा लाल झाली किंवा ताप आला, तर धोका अधिकच वाढला असे समजावे. आणि वेदना मध्येच कमी झाली, तरी संकट टळले असे मानून परत फिरू नये.