नाक किती वाढवायचं?

‘या फोटोचं मजेदार कॅरिकेचर कर’ एवढंच सांगितलं, की चित्रं काढणारी एआय साधनं बहुधा ठरावीक साचा पुढे करतात: भलंमोठं डोकं, चिमुकलं धड आणि बत्तिशी दाखवणारं हसू. फोटोतले गृहस्थ मिशीतल्या मिशीत हसणारे का असेनात! अर्कचित्र तयार होतं, पण ते कुणाचंही म्हणून खपेल.

सुझन ब्रेनन यांनी १९८२ मध्ये एमआयटीत अर्कचित्रं काढणारा संगणक प्रोग्राम लिहिला. तो चेहऱ्याची तुलना सरासरी चेहऱ्याशी करायचा आणि फक्त फरक वाढवायचा. नाक चारचौघांसारखं असेल, तर त्याला हात लागत नसे. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यालाही आधी हेच शोधावं लागतं: या चेहऱ्यात चारचौघांहून वेगळं काय आहे?

समजा, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं चित्र हवंय. कपाळ उंच, भुवया दाट आणि सरळ, हनुवटी लहान. पुष्कळांचं लक्ष आधी नाकाकडे जाईल, पण ते कदाचित सेल्फीचं देणं असतं. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मुळापेक्षा मोठं दिसतं, म्हणून फोटो पाच-सहा फुटांवरून काढलेला घ्यावा. मग प्रॉम्प्ट असा:

‘कपाळ थोडं आणखी उंच कर. भुवया ठळक कर. हनुवटी आणखी लहान कर. नाक, कान, चष्मा, भांग, वय आणि त्वचेचा रंग फोटोसारखाच ठेव. ओठ मिटलेले, डोळ्यांत हसू. सुरकुत्या वाढवू नकोस.’

यात हनुवटी लहान केली आहे, हे महत्त्वाचं. अतिशयोक्ती म्हणजे नुसतं मोठं करणं नव्हे. ‘फोटोसारखंच ठेव’ ही यादीही तेवढीच कामाची, कारण न सांगितलेल्या गोष्टी साधन परस्पर बदलतं. चष्मा गायब होतो, रंग उजळतो, वयात दहा वर्षांची भर पडते. कोड, तिरळेपणा, पडलेले दात, वजन यांना मात्र हात लावू नये. माणूस त्यावाचूनही ओळखू येतो आणि तिथे केलेली गंमत लागते.

‘३० टक्के वाढव’ असं लिहून फारसा उपयोग नाही. ही साधनं पट्टी लावून मोजत नाहीत. ‘थोडं’, ‘बरंच’ असे शब्द वापरून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दर वेळी सुरुवात मूळ फोटोपासून करावी. आधीच्या चित्रावरून पुढचं चित्र काढत गेलं, की चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत मुख्याध्यापक त्यांचे मावसभाऊ वाटू लागतात.

शेवटी चित्र शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याला नाव न सांगता दाखवावं. त्यांनी ओळखलं, पण ‘सर एवढे चिडलेत का?’ असं विचारलं, तर भुवया ठळक होताना नाकाकडे उतरल्या आहेत. मग प्रॉम्प्टमध्ये एवढंच वाढवायचं: ‘भुवया सरळच ठेव.’