उत्तर हर्ट्‌झमध्ये, पडताळा सेंटिमीटरमध्ये

तरंगांच्या गणितात चुकीचं उत्तरही दिसायला नीटनेटकं असतं, म्हणून ते सहज खपून जातं. दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली 120 सेंटिमीटरची तार घ्या. तारेवर तरंगाचा वेग सेकंदाला 240 मीटर आहे आणि टोकं धरून पाच निस्पंद, म्हणजे अजिबात न हलणारे बिंदू, दिसताहेत. वारंवारता किती?

पुष्कळ विद्यार्थी 120 ला पाचाने भागतात. 24 सेंटिमीटरचा एक फुगा, 48 ची तरंगलांबी आणि उत्तर 500 हर्ट्‌झ. ही तार सगळी मिळून एकाच फुग्यात कंप पावते तेव्हा तिची वारंवारता 100 हर्ट्‌झ असते. 500 ही तिची पूर्ण पट आहे, म्हणून शंका येत नाही. पण चित्र काढून पाहा. पाच निस्पंदांच्या मध्ये फुगे चारच बसतात. प्रत्येक 30 सेंटिमीटरचा, आणि दोन फुग्यांची मिळून एक तरंगलांबी, म्हणजे 60. उत्तर 400 हर्ट्‌झ. पट किती आली आणि फुगे किती, हे जुळलंच पाहिजे. 500 साठी पाच फुगे, म्हणजे सहा निस्पंद लागले असते. तार हाताशी असेल तर टोकापासून 30 सेंटिमीटरवर बोट अलगद टेकवा. तिथे निस्पंद असल्याने हे कंपन विझत नाही. 24 वर टेकवलं तर विझतं. प्रश्नात ‘टोकांच्या मधले निस्पंद’ असं म्हटलं असेल, तर मात्र आधी दोन मिळवायचे.

सरकत्या भोंग्याचं गणितही लांबीनेच तपासावं. भोंगा 500 हर्ट्‌झचा, ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर आणि गाडी 20 मीटर वेगाने तुमच्याकडे येते आहे. गाडी उभी असती तर तरंगलांबी 68 सेंटिमीटर असती. दोन शृंगांमधल्या एक-पाचशेांश सेकंदात गाडी 4 सेंटिमीटर पुढे येते, म्हणून समोरची तरंगलांबी उरते 64. 340 मीटरला 0.64 ने भागा: 531.25 हर्ट्‌झ. गाडी दूर जाताना मागची तरंगलांबी 72, वारंवारता सुमारे 472.

वाढ 31 ची, घट 28 ची. दोन्ही सारख्या आल्या, तर सूत्र चुकलं असं समजा. सर्रास होणारी चूक म्हणजे 500 ला 360/340 ने गुणणं. 529.4 हे उत्तर बरोबर उत्तराच्या इतकं जवळ येतं की नजर चुकते. ते सूत्र भोंगा स्थिर आणि ऐकणारा सरकता असेल तेव्हाचं. दोन्हींतला फरक ओळखायला गाडीचा वेग मनातल्या मनात 340 करून पाहा. शृंगं एकमेकांवर चढून तरंगलांबी शून्य व्हायला हवी, म्हणजे उत्तर अमर्याद वाढायला हवं. चुकीचं सूत्र इथेही शांतपणे 1000 हर्ट्‌झ सांगतं.

हा हिशेब गाडी थेट तुमच्या रोखाने येत असेल तेव्हाचाच. तुम्ही रुळांपासून दूर उभे असाल, तर गाडीच्या वेगाचा तुमच्या दिशेने येणारा भागच मोजायचा. गाडी जवळ येते तसा तो कमी होत जातो, म्हणून स्वर एकदम न पडता घसरत खाली येतो.