तूट कुणाच्या पगारातून?

कळमन्याच्या मिरची बाजारात मालाची किंमत काट्यावर ठरते, आणि गोदामात माल कमी भरला की पहिली नजर गोदामकिपरवर जाते. महिनाअखेर हातात पगार कमी पडतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "तुझ्या हलगर्जीनं नुकसान झालं, कापून घेतलं." एवढं म्हणून पगार कापायला कायद्याची परवानगी नाही.

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत मजुरीतून वळती करत. 1928च्या मोठ्या संपानंतरच्या चौकशीत ही तक्रार होती. पुढे 1936चा वेतन अदायगी कायदा आला आणि मालकाच्या कापण्याला हद्द पडली. ती हद्द आता वेतन संहिता, 2019मध्ये आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली. कलम 18 आणि 21 आपल्या कामाची.

ते समजायला एक काल्पनिक हिशेब मांडू. एका अडत्याच्या गोदामात 40 किलोची 200 पोती मिरची आली, म्हणजे 8,000 किलो. तीन महिन्यांनी माल भरला 7,760 किलो. 240 किलोची तूट, भाव किलोला 150 रुपये, नुकसान 36,000 रुपये. गोदामकिपरचा पगार 18,000. मालक म्हणतो, दोन महिने पगार नाही.

कायद्याचा पहिला प्रश्न असा: हा माल सांभाळायला म्हणून स्पष्टपणे त्याच्या ताब्यात दिला होता का? आवक वहीवर त्याची सही आणि किल्ली त्याच्याकडे असेल, तर हो. पण त्याच गोदामात हिशेब लिहिणाऱ्या मुलाच्या पगारातून ही तूट कापता येणार नाही, कारण माल त्याच्या हवाली नव्हता.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे झालं का? हे ठरण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. म्हणून तो काट्याच्या पर्च्या आणि जावक वही घेऊन बसतो. पोती मोजली तर 197 भरतात. उरलेल्या प्रत्येक पोत्यात साधारण 600 ग्रॅम वजन कमी आहे. सगळ्याच पोत्यांत सारखी घट असेल, तर ती ओल सुकल्याची खूण आहे. चोरी किंवा गफलत अशी सारखी वाटून होत नाही. म्हणजे 120 किलो सुकण्यात गेले. तीन पोती मात्र खरंच नाहीत. त्यातलं एक, तो रजेवर असताना आणि किल्ली दुसऱ्याकडे असताना गेलं. दोन पोती एका गाडीत जास्तीची चढली आणि त्या गाडीच्या पावतीवर त्यानं न मोजता सही केली होती. ही त्याची चूक आहे.

म्हणून त्याच्या माथी येतात 80 किलो, म्हणजे 12,000 रुपये. नुकसानीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. शिक्षा म्हणून वर काही चढवायचं असेल, तर दंडाचे नियम वेगळे आहेत.

तिसरी हद्द महिन्याची. एका महिन्यातली सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. इथे 9,000 रुपये. यात भविष्य निर्वाह निधीचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 रुपयेही धरायचे. उरले 7,000. म्हणजे या महिन्यात 7,000 आणि पुढच्या महिन्यात 5,000. घरात चूल पेटावी इतका पगार हाती राहिलाच पाहिजे, हा त्यामागचा हेतू. ही कपात रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते.

कामावर घेतानाच "तूट आली तर पगारातून कापा" असं लिहून घेतलं, तरी कायद्यानं दिलेला हक्क त्या सहीनं सुटत नाही; तसा करार रद्दबातल ठरतो. मालकाला दिवाणी दावा लावायची वाट मोकळी आहे. पण तिथे त्याला नुकसान आणि चूक दोन्ही सिद्ध करावी लागतील.

आणि कापलेच तर? संहितेच्या कलम 45खाली तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. बेकायदा कापलेली रक्कम परत मिळतेच, शिवाय दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. आणि देणं चुकतं केल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

त्यासाठी गोदामकिपरनं जपायच्या वस्तू साध्या आहेत: आवकेची आणि जावकेची काटा पर्ची, रजेचा अर्ज, किल्ली दिल्या-घेतल्याची तारीख, पगाराची पावती. वरच्या हिशेबात 36,000चे 12,000 झाले, ते याच कागदांमुळे.