पैशांची ओळ तळाशी का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला. तेव्हापासून रमी, फँटसी क्रिकेट, जाहिरातींतले खेळाडू आणि बुडालेला महसूल यांवर भरपूर लिहून झाले आहे. या गदारोळात एक साधी बाब बाजूलाच राहिली. या बंदीने ज्यांना हात लावलेला नाही, त्या ‘फुकट’ खेळांमध्येही पैसे जातात. तिथे पैज नसते, बक्षिसाची रक्कम नसते. रत्ने, नाणी, पेट्या आणि ‘सीझन पास’ मात्र विकत घ्यायचे असतात. असा खेळ मुलाच्या फोनवर उतरवायचा की नाही, हे पालक बहुतेक वेळा स्टोअरच्या पानावर काही सेकंदांत ठरवतात. त्या काही सेकंदांत त्यांना खेळाच्या वर्णनातल्या दोनतीन ओळीच दिसतात. उरलेले वर्णन ‘आणखी’ या एका टिचकीमागे असते. घडी कुठे घालायची हे स्टोअर ठरवते आणि वर काय ठेवायचे हे कंपनी ठरवते. या दोन निर्णयांतून पैशांची माहिती नेमाने खाली ढकलली जाते, आणि हे आपोआप घडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

दोन मोठ्या स्टोअरच्या घड्या वेगवेगळ्या आहेत आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. गूगल प्लेवर खेळाच्या नावाला 30 अक्षरे, ‘छोट्या वर्णना’ला 80 आणि पूर्ण वर्णनाला 4000 अक्षरांची मर्यादा असते. फोनवर चित्रांखाली उघड्यावर दिसते ते फक्त छोटे वर्णन. त्याशेजारचा बाण दाबला तरच पूर्ण वर्णन उलगडते. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर वर्णनाच्या पहिल्या तीनेक ओळी दिसतात आणि पुढचा मजकूर झाकलेला राहतो. पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण टिचकी न मारता तेवढेच वाचता येते, असे अ‍ॅपल स्वतःच विकासकांना सांगते. मात्र अ‍ॅपलने 2017 मध्ये, आयओएस 11 सोबत, याच जागेसाठी आणखी एक सोय दिली. तिचे नाव ‘प्रचार मजकूर’ आणि मर्यादा 170 अक्षरांची. हा मजकूर वर्णनाच्या डोक्यावर बसतो आणि अ‍ॅपची नवी आवृत्ती न पाठवता केव्हाही बदलता येतो. तीन ओळींच्या खिडकीत तो बसवला की ती जवळपास भरते, आणि ज्या पहिल्या वाक्याचे महत्त्व अ‍ॅपल समजावून सांगते तेच घडीखाली सरकते. खेळाची ओळख करून देण्याच्या जागी ‘या आठवड्यात नवा नायक, मर्यादित काळासाठी’ अशी पाटी लागते. सततच्या कार्यक्रमांवर चालणाऱ्या खेळांना हे फारच सोयीचे आहे.

आता एक प्रत्यक्ष पान पाहू. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हा फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा खेळ 2012 पासून चालू आहे आणि जगभर कोट्यवधी फोनांवर पोहोचला आहे. त्याच्या वर्णनाचा साचा वर्षानुवर्षे जवळपास सारखाच राहिला आहे. सुरुवातीला जगभरच्या लाखो खेळाडूंत सामील होण्याचे, गाव बांधण्याचे, टोळी उभी करून युद्धे जिंकण्याचे आमंत्रण असते. मग योद्धे, किल्ले, जादू, सामन्यांचे प्रकार अशी लांबलचक यादी येते. त्यानंतर ‘कृपया लक्षात घ्या’ अशी एक नोंद. खेळ उतरवणे आणि खेळणे मोफत आहे, पण काही वस्तू खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. नको असेल तर फोनच्या सेटिंगमधून खरेदी बंद करा. खेळण्यासाठी वय किमान 13 हवे. इंटरनेट जोडणी लागते. नोंद सच्ची आणि स्पष्ट आहे. अनेक कंपन्या एवढे सरळ लिहीतही नाहीत. आक्षेप तिच्या जागेला आहे. पालकाला निर्णयासाठी लागणाऱ्या चार गोष्टी एकाच परिच्छेदात नीट मांडलेल्या आहेत आणि तो परिच्छेद घडीच्या खूप खाली आहे. म्हणजे माहिती दिलेली असते, पण निर्णय झाल्यावर हाती येते, तीही शोधली तर.

वरच्या ओळीत काय ठेवायचे हे कोणी अंदाजाने ठरवत असेल असे मानायचे कारण नाही. गूगल प्लेवर कंपनीला छोट्या वर्णनाची चाचणी घेता येते. काही लोकांना जुनी ओळ दाखवायची, काहींना नवी, आणि कोणत्या ओळीने अधिक लोकांनी खेळ उतरवला हे मोजायचे. उतरवल्यावर निदान एक दिवस ठेवला का, हेही तिथे कळते. पण ओळ वाचून माणसाला खेळ समजला का, महिनाभराने खर्चाचा आकडा पाहून तो चकित झाला का, हे तिथे मोजलेच जात नाही. ज्या चाचणीत ‘उतरवणे’ हाच निकाल, तिथे ‘काही वस्तूंना पैसे पडतात’ हे वाक्य दर फेरीत हरण्याचीच शक्यता जास्त. कोणी लबाडी करायला नको, मोजमापाची पद्धतच ते वाक्य गाळून टाकते. (अ‍ॅपलची 2021 मध्ये आलेली अशीच चाचणी चित्रे, चिन्ह आणि चित्रफितींपुरती आहे. तिथे मजकूर चाचणीला लागत नाही, एवढे अ‍ॅपलच्या बाजूने म्हणायला हवे.) शिवाय गूगल शोधासाठी पूर्ण वर्णनही तपासते. त्यामुळे घडीखालचा मजकूर अनेकदा शोधयंत्रासाठी लिहिलेला असतो. ‘बिल्डिंग गेम’, ‘वॉर गेम’, ‘ऑफलाइन गेम’ असे शब्द वाक्यांत पेरलेले दिसले, की तो परिच्छेद तुमच्यासाठी नाही हे ओळखावे. त्या गर्दीत पैशांची ओळ शोधावी लागते.

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे. बटणापाशी ‘इन-अ‍ॅप खरेदी’ असे स्टोअर लिहितेच, मग तक्रार कसली? ते लिहिलेले असते, हे खरे. पण त्या शब्दांतून फक्त आहे किंवा नाही एवढेच कळते. एकदा पैसे भरून जाहिराती कायमच्या बंद करता येणारा कोड्यांचा खेळ आणि आत काय निघेल ते न सांगता पेटी विकणारा खेळ, दोघांच्याही कपाळी तीच पाटी. एका वस्तूची किंमत किती ते किती, हा पल्ला गूगल प्ले दाखवते, पण वर्णन उलगडल्यानंतर. अ‍ॅपलकडे वस्तूंची नावे आणि किमती आहेत, पण पान बरेच खाली सरकवून ‘माहिती’च्या भागात तो रकाना उघडावा लागतो. नशिबाच्या पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, ते खरेदीआधी सांगा, असा नियम अ‍ॅपलने 2017 च्या अखेरीस केला आणि 2019 मध्ये गूगलनेही केला. ही शक्यता दिसते ती खेळाच्या आत, म्हणजे उतरवून झाल्यावर. अमेरिकेतल्या ईएसआरबी या मानांकन संस्थेने 2020 मध्ये ‘खरेदी, यादृच्छिक वस्तूंसह’ असे वेगळे लेबल काढले. साध्या खरेदीत आणि नशिबाच्या खरेदीत फरक करता येतो, हे त्यावरून सिद्ध झालेच आहे.

दुसरा आक्षेप जागेचा. 80 अक्षरांत काय काय सांगायचे? मराठीत तर ही अडचण जास्तच वाटावी, कारण स्टोअरच्या मोजणीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे वेगळे धरले जाते. ‘क्रिकेट’ डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, यंत्राला सात चिन्हांचे. तरीही गाव बांधून लढण्याच्या एखाद्या खेळासाठी ही ओळ पाहा: ‘मित्रांसोबत गाव बांधा, सैन्य उभारा, लढाया जिंका. काही वस्तूंना पैसे पडतात.’ जोडाक्षरे, मात्रा, विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून ती 74 भरते. आमंत्रण पूर्ण आहे, पैशांची गोष्टही आली आणि सहा चिन्हे शिल्लक राहिली. वय आणि इंटरनेट यांना त्यात जागा नाही हे मान्य. ते घडीखाली गेले तरी चालेल. अ‍ॅपलच्या 170 अक्षरांत तर हे सगळे बसून नव्या नायकालाही जागा उरते. तेव्हा जागा नाही, हे कारण टिकत नाही. ती ओळ नको आहे, इतकेच.

वर्णन वाचतेच कोण, लोक चित्रे बघतात, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुले खरोखरच चित्रे बघतात. पण कोणीच वाचत नसते तर त्या एका ओळीच्या चाचण्या घेण्याची सोयच कोणी केली नसती. आणि मूल फोन पुढे करून ‘हा घेऊ का?’ विचारते तेव्हा चित्रांत पैशांबद्दल काहीच नसल्याने पालकाची नजर त्या दोनतीन ओळींकडेच वळते.

आपल्याकडे हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि 13 प्रकार नोंदवले. त्यातला एक, पडद्याच्या रचनेत काही माहिती ठळक करून दुसरी संबंधित माहिती झाकणे आणि ग्राहकाला त्याच्या मूळ हेतूपासून भरकटवणे. याच प्राधिकरणाच्या 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांनुसार, खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्याच्या आड महत्त्वाची माहिती लपवता कामा नये. वरची ओळ मराठीत आणि खालची नोंद इंग्रजीत असेल, तर हे त्यात कसे बसते? स्टोअरचे पान ही जाहिरात आहे का, असा वाद घालता येईल. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली जाहिरातीची व्याख्या इंटरनेटवरच्या प्रसिद्धीला आणि सादरीकरणाला सामावून घेण्याइतकी रुंद आहे, आणि उतरवण्याचे बटण असलेल्या पानाला दुसरे काय म्हणावे ते मला सुचत नाही.

तरी सगळा भार कंपन्यांवर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. एका कंपनीने प्रामाणिक ओळ वर घेतली आणि शेजारच्या कंपनीने घेतली नाही, तर उतरवणाऱ्यांच्या आकड्यांत पहिली मागे पडण्याची भीती असते. ही कोंडी स्टोअरच फोडू शकते, आणि त्यासाठी त्याला कोणाकडून नवी माहिती मागवावी लागणार नाही. प्रत्येक वस्तूची किंमत कंपनी स्टोअरकडे नोंदवतेच, कारण पैसे बहुतांशी त्याच्याच मार्फत वसूल होतात. वयाच्या मानांकनासाठीची प्रश्नावलीही भरली जातेच. किमतीचा पल्ला आणि ‘पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही’ एवढी एक ओळ यंत्राने, सर्व खेळांसाठी सारख्याच अक्षरांत, घडीच्या वर छापली तर कंपनीच्या 80 अक्षरांना धक्काही लागणार नाही. तोवर पालकांनी वर्णन उलट्या क्रमाने वाचावे. बाण दाबून आधी तळाची नोंद, मग किमतींचा पल्ला, आणि योद्ध्यांची यादी शेवटी.