आखडलेली कंबर आणि तीन व्यायाम

माझा मावसभाऊ गंगापूर रोडला राहतो आणि सातपूरच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो. संध्याकाळी खुर्चीतून उठला की दोन मिनिटं सरळच होत नाही. डॉक्टरांनी तपासून व्यायाम करायला सांगितलं. दादा सकाळी उठल्या उठल्या पायाचे अंगठे पकडू लागला, तर कंबर आणखीच आखडली!

कारण साधं आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. तशात कमरेतून वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकायचे व्यायाम नकोत. शिवाय अशा कंबरेला बहुतेकदा ताणण्यापेक्षा आधाराची गरज असते. उंच खांब चारही बाजूंच्या तारांनी ताठ उभा राहतो, तसा कणा पोट, कुशी आणि पाठीच्या स्नायूंवर उभा असतो. कॅनडाचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी या तीन बाजूंसाठी सुचवलेले व्यायाम मी दादाला शिकवले. लागते फक्त सतरंजी.

पहिला पोटाचा. उताणं झोपा, एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली ठेवा. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचला. हातांवर कमरेचा दाब वाढला, तर तुम्ही जास्त उचललंत.

दुसरा कुशीचा. कुशीवर होऊन कोपर आणि गुडघा टेकवा, कंबर वर उचला. खांदा, कंबर, गुडघा एका रेषेत हवेत. मग दुसरी कूस.

तिसरा पाठीचा. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ करा, नंतर उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा; तो सांडता कामा नये.

प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबायचं, श्वास चालू ठेवायचा. आधी पाच वेळा, मग तीन, मग एक, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. दुसरा आणि तिसरा व्यायाम दोन्ही बाजूंनी. दादाची डावी कूस सहाव्या सेकंदालाच थरथरायची. तेव्हा त्या बाजूला सहाच सेकंद धरले आणि दर आठवड्याला एकेक सेकंद वाढवला. पाचव्या आठवड्यात दहा पूर्ण झाले. मग गुडघ्याऐवजी पावलं टेकवून सुरुवात केली. आता खुर्चीतून उठताना तो टेबल धरत नाही.

व्यायामानंतर स्नायू दुखले तर काही दिवसांत थांबतं. पण कळ गुडघ्याखाली उतरली, पायाला मुंग्या आल्या किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम बंद करून डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

आणि हो, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायचंच. सबमिशनच्या रात्रीसुद्धा!