‘ओके’ नेमकं कशाला?

एकाच वेळी पाच-सहा दुकानांची इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजेस सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस मालकांच्या होकाराची वाट पाहण्यात जातो. कॅप्शन लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, की संध्याकाळपर्यंत उंचावलेला अंगठा येतो. पण त्या अंगठ्याचा अर्थ ‘भाव, तारीख, नंबर सगळं वाचलं’ असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘फोटो छान आलाय’ एवढाच असतो. भाव चुकला, की गिऱ्हाईक काउंटरवर मोबाइल पुढे धरतं आणि मालक आपल्याला फोन करतात: हे कोणी टाकलं?

म्हणून पोस्ट टाकण्याआधीच्या तपासणीचे दोन वाटे करावेत, असं माझं ठाम मत आहे. जे फक्त मालकाला ठाऊक असतं तेवढंच मालकाला विचारायचं. बाकीचं सगळं आपण तपासायचं आणि त्याचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं, तर उत्तरही तसंच मोघम येणार.

समजा, फराळाच्या दुकानासाठी २०२५ च्या दिवाळीचं हे कॅप्शन तयार आहे:

‘यंदा फराळ आमच्याकडचाच! साजूक तुपातला खुसखुशीत फराळ. चकली ४८० रुपये. गुळाचे शुगर फ्री लाडू. लक्ष्मीपूजनाला, २० ऑक्टोबरला दुकान रात्री ९ पर्यंत उघडं. ऑर्डरसाठी खालच्या लिंकवर क्लिक करा.’

वाचायला ठीक वाटतं, पण त्यात पाच खोड्या आहेत. भाव किलोचा की अर्ध्या किलोचा, ते लिहिलेलं नाही. ‘साजूक तुपातला फराळ’ म्हटलं, की चकलीही तुपात तळलेली असं गिऱ्हाईक धरून चालणार. दुकानात ती तेलात तळत असतील, तर हे वाक्य खोटं ठरतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुकानाच्या पेजवरची पोस्ट ही जाहिरातच आहे. गुळाच्या लाडवाला ‘शुगर फ्री’ म्हणणं तर त्याहून वाईट. गूळ ही साखरच, आणि मधुमेह असलेला माणूस त्या शब्दावर विसंबून लाडू खाईल. तिथे ‘साखरेऐवजी गूळ घातलेले’ एवढंच लिहावं.

चौथी खोड तारखेची. २०२५ मध्ये देशात अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झालं, पण महाराष्ट्रातल्या पंचांगांत ते मंगळवारी, २१ तारखेला होतं. इंटरनेटवरून तयार डिझाइन उचललं, की अशी चूक सोबत येते. सणाची तारीख भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात पाहायची आणि शेजारी वार लिहायचा. तारीख आणि वार जुळले नाहीत, तर चूक लगेच डोळ्यांत भरते.

पाचवी खोड लिंकची. फेसबुकच्या मजकुरातली लिंक दाबता येते, इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली येत नाही. तिथे ‘प्रोफाइलमधली लिंक पाहा’ किंवा सरळ फोन नंबर द्यावा. शिवाय इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येत असलं, तरी फीडमध्ये पहिल्या सव्वाशे अक्षरांच्या आसपास मजकूर कापला जातो. चकली कितीला आणि कधी मिळेल, हे तेवढ्यात आलं पाहिजे.

यातलं मालकाला काय विचारायचं? चकलीचा भाव, तळण कशात, दुकानाची वेळ, ऑर्डरचा नंबर. मी निरोप असा पाठवते:

‘काका, मसुदा २. इन्स्टा आणि फेसबुक दोन्हीकडे, शुक्रवारी सकाळी १० ला जाईल. कृपया चार गोष्टी पाहा. १) चकली ४८० रुपये किलो? २) चकली तेलात, शंकरपाळी तुपात, बरोबर? ३) मंगळवारी २१ ला रात्री ९ पर्यंत? ४) ऑर्डरसाठी दुकानाचाच नंबर? चारही बरोबर असतील तर याच मेसेजला उत्तर म्हणून “मसुदा २ ओके” लिहा.’

याच मेसेजला उत्तर मागायचं कारण असं, की ग्रुपमध्ये खाली-वर तीन मसुदे पडलेले असतात आणि सुटा ‘ओके’ कोणत्या मसुद्याला आहे ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. होकारानंतर एक आकडा जरी बदलला, तरी तो मसुदा ३ झाला आणि जुना होकार संपला. काकांनी व्हॉइस नोटमध्ये ‘चकली आता ५०० कर गं’ म्हटलं, तरी ते लिहून परत पाठवायचं. ऐकलेल्या आकड्यावर पोस्ट सोडायची नाही.

होकार कोणाचा चालेल, तेही काम घेतानाच ठरवून घ्यावं. ग्रुपमध्ये काका असतात, त्यांचा मुलगा असतो, कधी काउंटरवरचा माणूसही असतो. मुलानं हो म्हटलं आणि दुपारी काकांनी भाव बदलला, असं सर्रास होतं. भावाचा होकार एकाच माणसाचा. उत्तरच आलं नाही, तर साध्या शुभेच्छांची पोस्ट आधी ठरलं असेल तर सोडता येते; जिच्यात भाव, सवलत किंवा तारीख आहे, ती थांबते.

आता आपल्या वाट्याची तपासणी. अनेक पेजेस हाताळताना सगळ्यात जास्त घोळ कॅप्शनच्या शेपटीत होतो, म्हणजे पत्ता, फोन आणि हॅशटॅग असतात तिथे. साडीच्या दुकानाचं कॅप्शन कॉपी करून वरचा मजकूर बदलला आणि खाली साडीवाल्यांचा नंबर तसाच राहिला, असं घाईत घडतं. म्हणून जुन्या पोस्टवरून कॉपी करायचंच नाही. प्रत्येक दुकानाची शेपटी त्याच्या स्वतःच्या नोटमध्ये ठेवावी आणि ती तयार करताना त्या नंबरवर एकदा खरोखर फोन लावावा. ब्राउझरमध्ये प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी, वेगळ्या रंगाची प्रोफाइल ठेवली, तर मेटा बिझनेस सूटमध्ये भलत्याच पेजवर पोस्ट शेड्युल होण्याचा धोका बराच कमी होतो. तरीही शेवटचं बटण दाबण्याआधी वरचं पेजचं नाव वाचावंच.

काही धंद्यांची स्वतःची एक ओळ असते, ती त्याच नोटमध्ये ठेवावी. बिल्डरच्या पेजवर गृहप्रकल्पाची जाहिरात असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ लागतं, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही.

फोटोवर लिहिलेला मजकूर वेगळा वाचावा. इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यावर कॅप्शन दुरुस्त करता येतं, पण फोटो बदलता येत नाही. पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागते आणि तोवर आलेल्या लाइक्स-कमेंट्स जातात. कॅप्शनमध्ये ५०० आणि फोटोवर ४८० राहिलं, तर गिऱ्हाईक स्वस्तातलाच आकडा दाखवणार. म्हणूनच रोज हलणारा भाव मी फोटोवर घालतच नाही, तो कॅप्शनमध्ये ठेवते. पोस्ट गेली, की लगेच दुसऱ्या फोनवरून उघडून पाहावी.

शेड्युल केलेल्या पोस्टला आणखी एक धोका असतो. होकार सोमवारी मिळालेला असतो आणि पोस्ट शुक्रवारी जाते. मधल्या काळात चकली संपते, आचारी गावी जातो, किंवा मालकांच्या घरात कुणी जातं आणि दुकान बंद ठेवतात. त्या सकाळी पेजवर सवलतीची पोस्ट झळकली, तर ती आधी मंजूर झाली होती हे सांगून काही उपयोग नसतो. म्हणून रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पोस्ट काढून बसावं आणि प्रत्येक मालकाला एका ओळीत विचारावं: ‘काका, उद्या दुकान चालू ना? चकली आहे ना?’ उत्तर येईपर्यंत भावाची पोस्ट शेड्युलमधून काढून ड्राफ्टमध्ये ठेवावी.