हिशेब जुलैच्या रात्रीचा

छपरावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत, म्हणजे लाइट गेली तरी आजोबांचे ऑक्सिजन मशीन चालू राहील, असे अनेक घरांत गृहीत धरलेले असते. अनुदान घेऊन बसवलेली, नेट मीटरला जोडलेली साधी यंत्रणा मात्र महावितरणची लाइन बंद पडताच स्वतःही बंद होते, अगदी भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. मशीन चालू ठेवायचे तर बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पण केवढा?

श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यातले एक घर समजा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथेच येऊन धडकले आणि त्यानंतर कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. घरातल्या आजोबांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन, रोज 16 तास, असे लिहून दिले आहे. मशीन पाच लिटरचे. लेबलवर 350 वॉट लिहिले असले तरी सॉकेटला लावायच्या वॉटमीटरवर 310 दिसतात. नॉब पाचवरून दोनवर आणला की वीजही निम्म्याहून कमी लागेल असे वाटते, पण या प्रकारच्या बहुतेक मशीनचा कॉम्प्रेसर तेवढाच पळत राहतो. त्यामुळे वीज वाचवायला ऑक्सिजन कमी करू नका. आजोबांना त्रास होईल आणि वीज वाचणार नाहीच.

मशीनबरोबर पंखा आणि एक दिवा धरला तर 355 वॉट होतात. इन्व्हर्टरमध्ये होणारी घट मिळवली की बॅटरीतून सुमारे 420 वॉट खेचले जातात. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंतच पाच युनिट लागतात. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. तिचे आयुष्य टिकवायचे तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे मशीन दोन तास चालेल. लिथियम फॉस्फेट बॅटरीतली ऐंशी टक्के वीज वापरता येते. रात्रीच्या पाच युनिटांसाठी सव्वासहा युनिटची बॅटरी हवी. वर्षे सरतील तशी तिची क्षमता घटणार, तेही धरले तर आठ. मी इथे पाच-पाच युनिटच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडून घेईन. एक बिघडली तरी दुसरीवर नऊ-साडेनऊ तास निघतात, आणि माझ्या मते ही सोय पॅनेल वाढवण्यापेक्षा मोलाची आहे.

आता पाऊस. एक किलोवॉट पॅनेल उघडिपीच्या दिवशी चार-पाच युनिट देते, सलग झडीत एखादेच. आपल्या तीन किलोवॉटमधून घट जाऊन हाती अडीच युनिट लागतील आणि आजोबांना दिवसाला पावणेसात हवीत. भरलेल्या दोन बॅटऱ्यांतून आठ युनिट मिळतात. दुसऱ्या दिवसाअखेर त्या संपतात. पॅनेल दुप्पट केले तरी झडीत दिवसाचा खर्च भागत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसासाठी घरात सिलिंडर लागतोच. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरने तो 58 तास, म्हणजे रोज 16 तासांच्या हिशेबाने साडेतीन दिवस जातो. थोडा शिल्लक ठेवायचा म्हणून तीनच धरा. तेवढ्यात नवा सिलिंडर येतो की नाही, हे पावसाळ्याआधीच विक्रेत्याला विचारून ठेवायचे.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. दुसऱ्या प्रकारच्या वीजेवर कॉम्प्रेसरची मोटर तापते. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते, म्हणून 355 वॉटच्या भारालाही दोन-तीन केव्हीएचा इन्व्हर्टर ठेवतात. जोखायची रीत सोपी आहे: पंखा आणि दिवा चालू ठेवून मशीन बंद करा, मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तेवढे थांबा आणि इन्व्हर्टरवर पुन्हा सुरू करा. दिवा विझला किंवा इन्व्हर्टर ट्रिप झाला तर तो अपुरा आहे.

एक धोका मात्र चांगल्या यंत्रणेतच असतो. लाइट गेल्याचे घरात कळतच नाही, कारण मशीन एकसारखे चालू असते. मग पहाटे चारला बॅटरी संपते आणि अलार्म वाजतो. म्हणून मेन लाइनवर एक छोटा इंडिकेटर दिवा लावून घ्या आणि इन्व्हर्टरचा भोंगा बॅटरी चाळीस टक्क्यांवर आल्यावर वाजेल असा सेट करायला सांगा. तेव्हा या हिशेबाने दोन्ही बॅटऱ्यांत मिळून चार-पाच तास उरलेले असतात.

बॅटरी आणि इन्व्हर्टर आजोबांच्या खोलीत नकोत. सिलिंडरही त्यांच्याजवळ नको. तो भिंतीला साखळीने बांधून, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून दूर उभा असावा. रेग्युलेटर बसवलेला आणि चावी तिथेच बांधलेली ठेवा. चावी फिरवून प्रवाह दोनवर आणणे घरातल्या किमान दोघांना, उजेड असतानाच, प्रत्यक्ष करून पाहायला लावा.